स्किन क्लिनिकला जोड म्हणून पैसे घेऊन ऑनलाइन तपासणी आणि किट : कोणी सुरू केलंय का?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी त्वचारोगतज्ज्ञ (एमडी) आहे, कराडला अकरा वर्षं क्लिनिक चालवते. दिवसाला साधारण ४० पेशंट होतात, त्यातले निम्मे फॉलो-अपचे. पाटण, ढेबेवाडी, कोयनानगर भागातून लोक येतात, काही जण कुंभार्ली घाट चढून चिपळूणहूनही येतात.

गेल्या महिन्यात वांगाची एक पेशंट आली होती. सकाळी सहाची एसटी धरून निघाली, एक वाजता तिचा नंबर लागला. मी चेहरा पाहिला आणि म्हटलं, "फरक छान आहे, हेच दोन महिने चालू ठेवा." पाच मिनिटं लागली असतील. जाताना ती म्हणाली, "बाई, एवढंच होतं तर फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. आजचा रोज बुडाला." तिचं चुकलं नव्हतं.

दुसरीकडे रात्री साडेदहानंतर माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो येत राहतात. मागच्या आठवड्यात मोजले, ३१ जणांचे होते. सगळ्यांना मी फुकट उत्तरं दिली, कुठेही नोंद नाही. एकाला दुसऱ्याच्या मलमाचं नाव गेलं आणि सकाळी लक्षात आल्यावर धावपळ करून फोन केला. तेव्हापासून हे नीट बसवायचं मनात आहे.

विचार असा आहे. क्लिनिकची फी ५०० आहे, ऑनलाइनची ४०० ठेवायची. शिवाय फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनचं किट करून कुरिअरने पाठवायचं, कारण इथल्या छोट्या गावांत मी लिहून दिलेलं मिळत नाही आणि लोक दुकानदार देईल ती गोरं करणारी क्रीम घेऊन येतात. उत्पन्नाचा दुसरा रस्ता हवाय हेही उघड सांगते. नवीन लेसरचा हप्ता चालू आहे.

नवीन पेशंट ऑनलाइन घ्यावेत का? किटमध्ये काय ठेवावं? आणि यात खरंच पैसा राहतो का?

मुळामुठा
मी पुण्यात २०२० पासून करते आहे. आधी ऑनलाइन तपासणीबद्दल लिहिते, किटचं नंतर.

मार्च २०२० मध्ये सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती एकदा शांतपणे वाचून काढा. फी घेता येते, पण पावती द्यावी लागते. प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक हवा आणि नोंद ठेवायची. त्यात फॉलो-अप म्हणजे समोरासमोर तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत, त्याच आजारासाठी. "त्याच आजारासाठी" हे शब्द लाल शाईने लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. का ते सांगते.

माझा एक पेशंट, शेतमजूर, अडतीस वर्षांचा. जांघेतल्या गजकर्णासाठी क्लिनिकमध्ये येऊन गेला होता. दीड महिन्याने ऑनलाइन फॉलो-अप घेतला, गजकर्ण बरं होतं. शेवटी त्याने बाही वर करून दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, इथे पण जरा पांढरं पडलंय." हाताच्या पुढच्या भागावर फिकट चट्टा होता. मला वाटलं शिबं असतील. लावायला औषध लिहिलं आणि फोन ठेवला. चार महिन्यांनी तो समोर आला तेव्हा करंगळीत मुंग्या होत्या. मी कापसाची वात करून चट्ट्यावर फिरवली, त्याला काही कळलं नाही. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी हाताला लागत होती. कुष्ठरोग होता. सरकारी दवाखान्यात एमडीटी मोफत सुरू झाली, चट्टा गेला, पण करंगळी अजून पूर्ण सरळ होत नाही.

फोटो चांगला होता, उजेडही व्यवस्थित होता. पण स्पर्श कळतो का हे फोटोत दिसत नाही, आणि तो "फॉलो-अप" आहे एवढ्यावर मी नवीन तक्रार जुन्याच खात्यात घातली. त्या दिवसापासून नियम केला : कॉलमध्ये नवीन काही निघालं की त्याचं ऑनलाइन उत्तर नाही, यायचंच. ती फी मी क्लिनिकच्या फीत वळती करते, म्हणजे पेशंटला दोनदा भुर्दंड नाही.

नवीन पेशंट मी ऑनलाइन घेत नाही. नियम मनाई करत नाहीत, पहिल्याच व्हिडिओवर क्लोट्रिमाझोल, म्युपिरोसिन, कॅलामाइन असली साधी औषधं लिहिता येतात. पण आपल्याकडे येणाऱ्या गजकर्णाला आधीच तीन महिने स्टिरॉइडचं मिश्र मलम लागलेलं असतं. कडा पुसलेल्या असतात, खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मी तरी बोलत नाही.

कोयनाकाठ
@मुळामुठा, हे इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. मागच्या आठवड्यातल्या त्या ३१ जणांच्या फोटोंत दोन पांढरे चट्टे होते. दोघांनाही आज फोन करून बोलावलं.

फोटो कसे मागवता? मला येणारे निम्मे फोटो कामाचे नसतात.

मुळामुठा
सकाळी नऊ ते अकरा, खिडकीसमोर तोंड करून, लाइट बंद. पुढच्या कॅमेऱ्याने स्वतः काढायचा नाही, घरातल्या कोणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने काढायला सांगायचं. कित्येक फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय आपोआप चालू असते. ओळखायची खूण एकच. गालावरची लव आणि छिद्रं दिसत नसतील तर फोनने चेहरा पुसलाय. तसा फोटो परत पाठवते, वांगाच्या बाबतीत तर हमखास, कारण तो पाहून फरक पडला असं वाटतं आणि पडलेला नसतो.

समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक, असे तीन फोटो. अंगावरचा डाग असेल तर एक लांबून आणि एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, बारकावे टिकतात. हे सगळं आमच्या रिसेप्शनवरच्या ताईंनी एका मिनिटाच्या व्हिडिओत मराठीत करून ठेवलंय. पैसे भरले की तो जातो. फोटो आले की वेळ मिळते, आधी नाही.

वेळ मंगळवार आणि गुरुवार दुपारी दोन ते साडेतीन. बाकी कधीही फोटो आला तर मी स्वतः उत्तर देत नाही, रिसेप्शनवरून वेळ दिली जाते. पहिले दोन महिने लोक नाराज झाले. नंतर सवय झाली.

सुरेखा_डोंबिवली
डॉक्टर ताई, मी अठरा वर्षं पार्लर चालवते, स्किनचे कोर्स केलेत. मी पण ऑनलाइन सल्ला देते, २५० घेते, आणि किट पण विकते. तुम्ही लायसनची काळजी करताय असं वाटतंय, पण कॉस्मेटिक विकायला लायसन लागतच नाही. मी तर कंपनीचं मॉइश्चरायझर एक किलोच्या डब्यात घेते, ५० ग्रॅमच्या सुंदर डब्या मिळतात त्यात भरते आणि आमच्या नावाचं स्टिकर लावते. चांगलं सुटतं त्यात. क्वालिटी तीच, पॅकिंग आपलं.

मेडिकलवाला
सुरेखाताई, अर्धं बरोबर आहे. कंपनीची सीलबंद ट्यूब जशीच्या तशी विकायला कॉस्मेटिकचं लायसन लागत नाही. पण मोठ्या डब्यातून छोट्या डबीत भरून स्वतःचं नाव लावलं की कायद्याच्या भाषेत ते उत्पादन होतं. भरणं, लेबल लावणं, पॅक करणं हे सगळं त्या व्याख्येत आहे, आणि उत्पादनाला लायसन लागतं. काउंटरवर गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून बांधून दिलं ते वेगळं. एफडीएचा माणूस आला तर पहिला प्रश्न विचारेल, बॅच नंबर कुठाय? तुमच्या डबीवर तो नसणार. कोणाच्या चेहऱ्यावर रिॲक्शन आली तर मूळ कंपनी हात वर करेल, कारण सील तुम्ही तोडलंय.

आणि डॉक्टर मॅडम, तुम्हालाही एक सांगतो. किटमध्ये औषध घालू नका. ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन, स्टिरॉइडची मलमं, हे सगळं चिठ्ठीवरचं. स्वतःच्या पेशंटला डॉक्टरने औषध द्यायला सवलत आहे हे मला माहीत आहे, पण ती उघडं दुकान न मांडण्याच्या अटीवर आहे. वेबसाइटवर "वांग किट, आता मागवा" असं लावलं तर ते दुकानच. तुम्ही चिठ्ठी लिहा, औषध आमच्याकडून जाऊ द्या.

सुरेखा_डोंबिवली
बॅच नंबरचं लक्षात नव्हतं आलं. डब्या या आठवड्यात बंद करते, कंपनीच्याच छोट्या ट्यूब घेईन. पण सल्ल्याचे पैसे मी घेऊ शकते ना?

मुळामुठा
सुरेखाताई, कोरड्या त्वचेला काय लावायचं, सनस्क्रीन किती लावायचं, फेशियलनंतर काय टाळायचं याचे पैसे जरूर घ्या, तुमचा अनुभव आहे. पण पिंपल्स, वांग, चट्टा, केस जाणं यावर "हे लावा, जाईल" म्हणालात की तो उपचार झाला. तिथे पेशंट डॉक्टरकडे पाठवा. तुमच्यासारख्या दोघी माझ्याकडे पाठवतात आणि त्यांची गिऱ्हाइकं त्यांना सोडून गेलेली नाहीत.

अबोली७७
मी पेशंट आहे, मध्येच विचारते. मला दोन्ही गालांवर वांग आहे. आठ महिने मेडिकलमधून आणलेली एक क्रीम लावते, मैत्रिणीने सांगितली होती. सुरुवातीला महिन्याभरात चेहरा एकदम उजळला. आता लावली नाही तर लाल होतो, उन्हात आग होते, हनुवटीवर बारीक पुळ्या आल्यात. तुमच्या किटने जाईल का? किंमत किती आहे? मी रत्नागिरीला आहे.

कोयनाकाठ
अबोलीताई, किट अजून सुरू नाही, आणि असतं तरी तुम्हाला पाठवलं नसतं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यातलं काही लिहिलंय का पाहा. असेल तर तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं त्या स्टिरॉइडची असू शकतात. एकदम बंद केल्यावर काही दिवस चेहरा जास्त भडकतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच क्रीम लावतो, म्हणून ती कशी सोडायची हे समोर बसून ठरवावं लागतं. रत्नागिरीत त्वचारोगतज्ज्ञ आहेत. याच आठवड्यात जा आणि ट्यूब सोबत न्या.

अबोली७७
मोमेटासोन लिहिलंय. उद्या जाते.

आकडेमोड_सीए
आता पैशांकडे येतो, कारण डॉक्टर लोक इथेच अडकतात.

डॉक्टरच्या तपासणीवर जीएसटी नाही, ऑनलाइन असली तरी नाही. तुमची सगळी कमाई तपासणीची असेल तर कितीही झाली तरी नोंदणी लागत नाही. पण सनस्क्रीनची एक ट्यूब विकलीत की चित्र बदलतं. नोंदणीची मर्यादा मोजताना करमुक्त फीसुद्धा उलाढालीत धरतात. दिवसाला ४० पेशंट आणि ५०० फी, म्हणजे तुम्ही २० लाखांच्या कितीतरी वर आहात. तेव्हा "किट वर्षाला दोन लाखांचंच विकणार, मला कशाला जीएसटी" हा हिशोब चुकीचा आहे. लेसरने सौंदर्यासाठी काही करत असाल तर ते बहुधा आधीच करपात्र आहे, तुमच्या सीएला हे नक्की विचारा.

दुसरं, किट राज्याबाहेर पाठवलंत, म्हणजे बेळगाव किंवा पणजीच्या पेशंटला, तर वस्तूंसाठी पहिल्या रुपयापासून नोंदणी. कराडहून हे सहज होईल.

तिसरं म्हणजे पॅकेज. लोकांना "तपासणी आणि किट मिळून १,७९९" असा एक आकडा आवडतो. तसं करू नका. वेगवेगळ्या गोष्टी एका किमतीत बांधल्या की त्यातला सर्वांत जास्त दर सगळ्याला लागू शकतो. क्रीमला १८ टक्के आहे, म्हणजे तुमच्या करमुक्त ४०० रुपयांनाही १८ टक्के. किटच्या आतही तेच. सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाची वडी ५ टक्क्यांत आली, पण क्रीमसोबत एका किमतीत बांधली तर तीही १८ वर जाते. बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिहा, तपासणीची पावती वेगळी फाडा.

कोयनाकाठ
बापरे. उलाढालीचं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. क्लिनिकमध्ये सनस्क्रीन ठेवून विकणारे किती तरी सहकारी माझ्या ओळखीचे आहेत.

काल रात्री बसून स्टॉकिस्टचे दर घेतले आणि मांडून पाहिलं. फेसवॉश ३५०, मॉइश्चरायझर ४५०, सनस्क्रीन ६५०, एकूण एमआरपी १,४५०. मला २२ टक्के कमी, म्हणजे १,१३१ ला पडतं. एमआरपीने विकलं तर मध्ये ३१९ राहतात. त्यातला जीएसटी काढला की २७०. खोकं आणि बबल रॅप ३०, कुरिअर ७५, पेमेंट गेटवेचे २ टक्के म्हणजे २९. उरले १३६. रिसेप्शनवरच्या मुलीचा पॅकिंगचा वेळ अजून धरलेला नाही.

पण हेच तिन्ही ॲपवर १० टक्के स्वस्त दिसतात. मी पेशंटला तेवढीच सूट दिली तर १,३०५ ला विकायचं. मध्ये १७४, कर काढून १४७, खर्च १३१. एका किटमागे १६ रुपये. एक ट्यूब फुटली की वीस-पंचवीस किटांची कमाई गेली.

उलट ४०० ची तपासणी बारा मिनिटांची आणि त्यातून गेटवेचे ८ जातात. मंगळवार-गुरुवार मिळून तीन तासांत १५ जण, म्हणजे आठवड्याला सुमारे ५,९००. जे काम मी आज रात्री फुकट करते तेच हे.

विदर्भातली_डॉ
मी अमरावतीला दोन वर्षं किट पाठवले, तुमचा हिशोब बरोबर उतरलाय. त्यात दोन गोष्टी घाला.

पहिली, ऊन. एप्रिल-मेमध्ये आमच्या इकडे कुरिअरच्या गाडीत खोकं दुपारभर तापतं. सनस्क्रीन फाटून येतं. ट्यूब दाबली की आधी पाणी गळतं आणि मग दाटसर गोळा येतो. पेशंट म्हणतो डॉक्टरनं जुना माल दिला. तसं फाटलेलं सनस्क्रीन चेहऱ्यावर सारखं पसरत नाही, मग त्याचा भरवसा काय? मी उन्हाळ्यात फक्त सोमवारी पाठवायची, म्हणजे रविवारी गोदामात पडून राहत नाही. तरीही बदलून द्यावे लागले.

दुसरी जास्त महत्त्वाची. तिन्ही वस्तू एका वेळी संपत नाहीत. सनस्क्रीन दोन बोटं भरून रोज लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिना पुरते. फेसवॉश दोन महिने जातो, मॉइश्चरायझर तीन. मी दर महिन्याचं किट ठेवलं होतं. चौथ्या महिन्यात एका बाईंनी कपाटाचा फोटो पाठवला, न उघडलेल्या तीन बाटल्या मॉइश्चरायझरच्या. "डॉक्टर, पैसे जास्त झाले का?" असं विचारलं त्यांनी. मला फार लागलं ते. आता पहिल्यांदा किट आणि नंतर एकेक वस्तू सुटी.

त्यातून एक फायदा मात्र झाला. ज्यांचं सनस्क्रीन अडीच महिन्यांनीही संपत नव्हतं, ते लावतच नव्हते. वांग का कमी होत नाही हे मला त्या यादीवरून कळायचं.

ठाणेकर_एमडी
माझं मत इथल्या बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. मी नवीन पेशंटही ऑनलाइन घेतो, फक्त व्हिडिओवर, आणि प्रामुख्याने १८ ते ३० वयातले पिंपल्सवाले. पिंपल्स डोळ्यांना दिसतात, त्याला वात फिरवावी लागत नाही. दर आठवड्याला २० नवीन होतात. ज्याला आयसोट्रेटिनॉइन लागेल असं वाटतं त्याला क्लिनिकमध्ये बोलावतो, विशेषतः मुलींना, कारण गरोदरपणात गर्भाला असलेला धोका आणि रक्ततपासणी हे फोनवर उरकायचे विषय नाहीत.

किट मी विकतो आणि एमआरपीनेच विकतो. वेगळी फर्म आहे, पत्नीच्या नावाने, जीएसटी नोंदणी तिचीच. आकडेमोड साहेबांनी सांगितलेला उलाढालीचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. स्टॉकिस्टऐवजी थेट कंपनीकडून घेतलं की २२ च्या जागी ३५ टक्के मिळतात, मग गणित बसतं.

मुळामुठा
@ठाणेकर, तुमच्या चिठ्ठीवर फर्मचं नाव असतं, पण ती घरातली आहे हे पेशंटला सांगता का? आणि तेच सनस्क्रीन बाहेर कुठेही मिळेल हे?

ठाणेकर_एमडी
बाहेर मिळेल हे लिहिलेलं असतं. पत्नीची आहे हे लिहिलेलं नाही. विचारलं तर लपवत नाही.

मुळामुठा
विचारायची वेळ पेशंटवर का यावी? डॉक्टर जेव्हा "हे लावा" म्हणतो तेव्हा समोरचा ते सुचवणं समजत नाही, औषध समजतो. मला हे पटत नाही, तुम्ही नियमात बसवलंत तरी.

ठाणेकर_एमडी
मग क्लिनिकच्या खालचं मेडिकल मेव्हण्याचं असतं तेव्हा कोण विचारतं? मी निदान पक्कं बिल देतो. पण लिहून टाकायला हरकत नाही, विचार करतो.

मेडिकलवाला
कोयनाकाठ मॅडम, यातून मधला मार्ग आहे. तुम्ही यादी द्या, आम्ही कराडलाच किट बांधून ठेवू आणि पाठवू. तुमचा जीएसटीचा त्रास वाचेल. महिन्याचा हिशोब आपण बसवू.

कोयनाकाठ
भाऊ, बांधून पाठवायचं चालेल, हिशोब नको. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन घेणं २००२ च्या आचारसंहितेत मना आहे, आणि नसतं तरी मला नको होतं. त्याऐवजी पेशंटला ॲपच्या भावात द्या.

मेडिकलवाला
५ टक्के देऊ शकतो, १० नाही परवडत. खेड्यात पोचवायचं आहे.

दुबईकर_सातारी
मी मूळची वाईची. इथे डॉक्टरची फी फार आहे, मराठीत बोलणारं कोणी नाही. ऑनलाइन सुरू केलंत तर मी जास्त फी द्यायलाही तयार आहे. किट भाऊ घेऊन येईल.

मुळामुठा
ताई, आपली मार्गदर्शक तत्त्वं भारताबाहेरच्या तपासणीला लागू नाहीत. तिथे बसलेल्या पेशंटला इथून औषध लिहायला कराडच्या डॉक्टरांना तिथला परवाना लागेल. गावी याल तेव्हा समोर दाखवा, सुट्टीत असेपर्यंतचा फॉलो-अप ऑनलाइन होईल.

कोयनाकाठ
दोन महिन्यांनी परत येते आहे, काय केलं ते लिहायला.

किट विकत नाही. तीन वस्तूंची छापील यादी देते, प्रत्येकीपुढे तशाच दोन पर्यायांची नावं आणि एमआरपी. कराडचं एक मेडिकल बांधून पाठवतं, ५ टक्के सूट, पेशंटला हवं तर. निम्मे तिथून घेतात, बाकीचे ॲपवरून. मला त्यातून रुपया येत नाही. यादीच्या तळाला "आमचा या दुकानाशी आर्थिक संबंध नाही" असं छापलंय.

ऑनलाइन फक्त फॉलो-अप, मंगळवार-गुरुवार. पहिल्या आठवड्यात चार जण होते, आता अकरा-बारा होतात. रात्रीचे फोटो ३१ वरून सहा-सातवर आले. सातजणांनी सांगितलं की डॉक्टर पैशाला लागल्या. त्यातले तिघे नंतर वेळ घेऊन आले.

एक गोष्ट मात्र बसलेली नाही. पाटणच्या वरच्या वाड्यांमध्ये व्हिडिओ टिकत नाही, आवाज तुटतो. त्यांच्यासाठी मी फोटो आणि साध्या फोनवर काम चालवते. पण ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्या वयस्क बायका अजून सहाच्या एसटीनेच येतात. आधी ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्या बाईंचाही फोन मुलाकडे असतो आणि मुलगा चाकणला. त्यांना मी सकाळी साडेनऊचा पहिला नंबर देते, म्हणजे अर्धा रोज तरी वाचतो. आशाताईंच्या फोनवरून करायचं सुचलं होतं, पण चेहऱ्याचे फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये राहणं मला बरं वाटत नाही. कोणी यावर काही केलंय का?

विदर्भातली_डॉ
आम्ही एका उपकेंद्राजवळच्या मेडिकलवाल्याला जुना टॅब दिलाय. त्यात फोटो साठत नाही, कॉल थेट चालतो. कॉल होईपर्यंत तो पडदा ओढून बाहेर उभा राहतो. पण तिथे लाइट सारखी जाते. चार्जिंगचं जमलं की सांगते.